तक्रारदार वडील वारले, एसीबीची सापळ्याची केस आता टिकेल का? (मदत हवी आहे)

बांधावरचा:
जरा लवकर उत्तर द्या, पुढच्या आठवड्यात तारीख आहे. बाबांनी तलाठ्याविरुद्ध एसीबीकडे तक्रार केली होती. सापळा लागला, पैसे त्याच्याकडेच सापडले, हाताला पावडर लागलेली सगळ्यांनी पाहिली. त्यानंतर केस नुसती पडून होती. आता कुठे साक्षी सुरू होणार म्हणेपर्यंत गेल्या पावसाळ्यात बाबा हार्ट अटॅकने गेले. तलाठ्याची माणसं गावभर सांगत फिरतायत की तक्रारदारच नाही, केस संपली. ओळखीचे एक वकीलही तेच म्हणाले. खरं आहे का हे? आणि मी काय करू शकतो?

रोखठोक:
अजिबात घाबरू नका. पैसे सापडले ना? हाताला पावडर लागली ना? मग लाचलुचपत कायद्याचं कलम 20 लागू होतं. लाच घेतली असंच कोर्ट धरून चालतं आणि तसं नाही हे आरोपीने सिद्ध करायचं. तक्रारदार असो वा नसो, काही फरक पडत नाही.

माईची_लेक:
सापळ्यात वापरलेले पैसे सरकारकडून परत मिळतात. तुमच्या वडिलांना मिळाले नसतील तर एसीबीच्या युनिटमध्ये अर्ज करा. आमच्या मामांना मिळाले होते, थोडे हेलपाटे घालावे लागले एवढंच.

बांधावरचा:
ताई, पैसे मिळाले होते बाबांना. प्रश्न पैशांचा नाहीच.

काळा_कोट:
रोखठोक, तुमचं अर्धं बरोबर आहे, आणि उरलेल्या अर्ध्यावरच आरोपी सुटतात. कलम 20 चं गृहीतक आपोआप लागत नाही. आधी मागणी आणि स्वीकार या दोन गोष्टी सरकार पक्षाने सिद्ध करायच्या, त्यानंतर ते गृहीतक उभं राहतं. पैसे नुसते जवळ सापडले म्हणजे लाच सिद्ध झाली असं होत नाही, हे सर्वोच्च न्यायालय 1979 पासून सांगत आलं आहे. पावडर सांगते की नोटांना हात लागला. हात का लागला ते पावडरला सांगता येत नाही.

बांधावरचा, तुम्ही जे लिहिलं नाहीत तेच आधी सांगा. सापळा कोणत्या वर्षीचा? काम कसलं होतं? सापळ्याआधी रेकॉर्डर देऊन पडताळणी झाली होती का? पैसे देताना पंच क्रमांक एक कुठे उभा होता आणि त्याने कानाने काय ऐकलं? बाबांची सरतपासणी थोडी तरी झाली होती का?

बांधावरचा:
2017 चा सापळा. आजोबा गेल्यावर वारस नोंद करायची होती. आधी पाच हजार मागितले, मग तीनवर आला. बाबांची साक्ष झालीच नाही, समन्स आलं होतं पण त्याआधीच ते गेले. पडताळणी झाली होती, पंच सोबत होता. बाकीचं बाबांच्या पिशवीतले कागद बघून रात्री लिहितो.

न्यायाची_वाट:
मला दुसरी बाजू सांगायची आहे. माझा मोठा भाऊ लिपिक होता. एका माणसाने त्याच्या उघड्या ड्रॉवरमध्ये पैसे टाकले आणि बाहेर जाऊन डोक्यावरून हात फिरवला. बस, इशारा झाला, पथक आत. भाऊ निलंबित झाला, वहिनींनी दागिने मोडून घर चालवलं. शेवटी निर्दोष सुटला, कारण त्याने पैसे मागितले हे ऐकलेला एकही माणूस नव्हता. तेव्हा पैसे सापडले म्हणजे चोर, असं कृपा करून लिहू नका. आम्ही ते भोगलंय.

रोखठोक:
तुमच्या भावाबद्दल वाईट वाटतं. पण इथे ड्रॉवर नाही, इथे हातात घेतलेत. दोन्ही एकाच मापात मोजू नका.

न्यायाची_वाट:
हातात घेतले हे कोणी पाहिलं, ते अजून त्यांनी लिहिलेलं नाही. तुम्ही आधीच निकाल देऊन मोकळे झालात.

बांधावरचा:
कागद बघितले. सापळ्याच्या पंचनाम्यात असं आहे: पंच क्रमांक एक बाबांच्या शेजारी उभा होता. तलाठी म्हणाला, "काय, आणलंय का? द्या इकडं." बाबांनी खिशातून नोटा काढून दिल्या. त्याने उजव्या हाताने घेतल्या, डाव्या हातात घेऊन मोजल्या आणि शर्टच्या खिशात ठेवल्या. मग बाबांनी उपरणं झटकून इशारा केला. खोलीत अंधार करून अतिनील दिवा लावला तेव्हा दोन्ही हातांची बोटं आणि खिशाची आतली बाजू निळसर चमकली. तलाठ्याने तिथल्या तिथे सांगितलं की हे पैसे शेतसाऱ्याचे आहेत.

रोखठोक:
बघा! शेतसाऱ्याचे म्हणाला म्हणजे पैसे घेतल्याचं त्याने स्वतःच कबूल केलं. मग उरलं काय?

काळा_कोट:
मागणी उरली. पंचनाम्यातलं ते वाक्य पुन्हा वाचा, "आणलंय का? द्या इकडं." यात नोंदीचं नाव नाही, रक्कम नाही, कशासाठी ते नाही. शेतसारा वसूल करणारा माणूसही हेच म्हणेल.

बांधावरचा, तुमच्या वकिलांच्या मनात बहुतेक सत्यनारायण मूर्ती यांचा 2015 चा निकाल असावा. तिथेही तक्रारदार साक्षीआधी वारला, मागणी सिद्ध झाली नाही आणि आरोपी सुटला. पण त्यानंतर 15 डिसेंबर 2022 ला नीरज दत्ता प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने हा गुंता सोडवला. तक्रारदार वारला, फितूर झाला किंवा हजरच होऊ शकला नाही, तरी केस तेवढ्याने संपत नाही. दुसऱ्या साक्षीदाराच्या तोंडून, कागदांवरून किंवा परिस्थितीजन्य पुराव्यावरून मागणी सिद्ध करता येते. त्यामुळे गावात जे सांगत फिरतायत ते चूक आहे.

मात्र पुढची गोष्ट लोक सांगत नाहीत. कायद्याचा मुद्दा ठरल्यावर ते प्रकरण दोन न्यायमूर्तींसमोर परत गेलं आणि 17 मार्च 2023 ला आरोपी निर्दोष सुटली. त्यातला तक्रारदारही हयात नव्हता. सोबतच्या साक्षीदाराने सांगितलं ते एवढंच की तिने पैसे मागितले. कोर्टाने म्हटलं की नुसती पैशांची मागणी पुरत नाही, ती लाचेची मागणी होती हे दिसलं पाहिजे. तुमच्या पंचनाम्यातलं वाक्य नेमकं याच खाचेत अडकतं. म्हणून तुमच्या केसचा जीव सापळ्याच्या दिवसात नाही, पडताळणीच्या दिवसात आहे. त्या दिवशी काय बोलणं झालं?

बांधावरचा:
ते मला पाठ आहे, बाबा शंभर वेळा सांगायचे. बाबा म्हणाले, "साहेब, नोंदीचं तेवढं बघा, पाच जमत नाहीत." तो म्हणाला, "बरं, तीन द्या, उद्या फेरफार धरतो." पंच तिथेच बाकावर बसला होता. पंचनाम्यात हेच शब्द आहेत.

काळा_कोट:
मग तुमची केस बरीच बरी आहे. काम, रक्कम आणि सौदा, तिन्ही एका वाक्यात आले. पंचाने कोर्टात उभं राहून तेवढं नीट सांगितलं, तर मागणीचा पुरावा तक्रारदाराशिवाय येतो आणि दुसऱ्या दिवशीच्या "आणलंय का"ला अर्थ मिळतो.

आता कुठे फसतं ते सांगतो. रेकॉर्डरमधलं संभाषण सीडीवर किंवा दुसऱ्या कार्डवर उतरवून कोर्टात दिलं असेल, तर जुन्या पुरावा कायद्याच्या कलम 65 ब चं प्रमाणपत्र लागतं. 2020 च्या खोतकर प्रकरणानंतर याबाबत शंका उरलेली नाही. ते जोडलेलं नसेल तर खटला संपायच्या आत आणता येतं, सरकारी वकिलांना विचारून घ्या. दुसरं म्हणजे आवाज. तलाठ्याच्या आवाजाचा नमुना घेऊन प्रयोगशाळेचा अहवाल आलाय का ते बघा. बाबांचा आवाज ओळखायला आता बाबा नाहीत, पण तुम्ही आहात. मुलगा बापाचा आवाज ओळखू शकतो.

शेतसाऱ्याचंही बघा. तुमच्या 8अ वर आकारणी किती आहे? थकबाकी किती होती आणि तीन हजारांची पावती त्याने फाडली होती का? आकडा जुळत नसेल तर तो बचाव तिथेच लंगडा पडतो.

तलाठी_भाऊसाहेब:
मी याच खात्यात आहे, म्हणून एक विचारतो. सापळ्याच्या दिवशी फेरफार आधीच नोंदवलेला होता का? गाव नमुना सहामध्ये नोंद धरणं हे तलाठ्याचं काम, प्रमाणित करतात मंडळ अधिकारी. नोंद आधीच झाली असेल तर बचावाचा वकील म्हणणार की काम बाकीच नव्हतं, मग पैसे मागेल कशाला? आमच्यातल्या एका केसमध्ये यावरच सगळं फिरलं.

काळा_कोट:
महत्त्वाचा मुद्दा. काम उरलं नव्हतं एवढ्यानेच कोणी सुटत नाही, पण मागणीवर संशय नक्की येतो. फेरफाराची तारीख पडताळणीच्या तारखेशी ताडून बघा.

बांधावरचा:
फेरफार सापळ्यानंतर दीड महिन्याने, नवीन तलाठ्याने धरला. 8अ वरची आकारणी 42 रुपये आहे.

अजून एक, मला हे महत्त्वाचं वाटलं नव्हतं. सगळ्यात पहिल्यांदा पाच हजार मागितले तेव्हा मी बाबांसोबत होतो. मी ऐकलंय. एसीबीने माझा जबाब घेतलाच नाही, मी तेव्हा कॉलेजात होतो.

रोखठोक:
अहो, हे पहिल्याच ओळीत लिहायचं होतं! मग विषयच संपला, तुम्हीच साक्षीदार.

न्यायाची_वाट:
इतक्या वर्षांनी अचानक मुलगा उभा राहतो आणि म्हणतो मी ऐकलं? माझ्या भावाविरुद्ध असा कोणी आणला असता तर आम्ही काय म्हटलं असतं? तुम्ही खरं बोलताय असं मला वाटतं. पण कोर्टाने संशय घ्यावा असाच हा साक्षीदार आहे.

काळा_कोट:
दोघांचंही थोडं थोडं खरं आहे. खटला जुना आहे, त्यामुळे जुन्याच फौजदारी प्रक्रिया संहितेने चालेल. तिच्या कलम 311 खाली सरकारी वकील तुम्हाला साक्षीसाठी बोलवायचा अर्ज देऊ शकतात. मंजूर करायचा की नाही ते न्यायाधीश ठरवतील. उलटतपासणीत पहिला प्रश्न हाच येईल की इतकी वर्षं गप्प का होतात. शिवाय तक्रारीत बाबांनी "मुलगा सोबत होता" असं लिहिलंय का? लिहिलं असेल तर ती तक्रार बाबांची साक्ष म्हणून वापरता येणार नाही, पण तुम्ही आज गोष्ट रचली असं म्हणणं अवघड जाईल. लिहिलं नसेल तर मी स्वतः तुम्हाला फक्त आवाज ओळखण्यापुरतं उभं करेन. मागणीचा भार पंचावरच ठेवेन.

तलाठी_भाऊसाहेब:
आणि पंच कुठे आहे आता? सरकारी कर्मचारी असेल तर बदली झाली असेल, कदाचित निवृत्तही. समन्स जुन्या पत्त्यावर जाऊन परत येतं, असं फार वेळा बघितलंय.

बांधावरचा:
तक्रारीत एवढंच आहे, "मी व माझा मुलगा तलाठी कार्यालयात गेलो असता." माझं नाव नाही. दोन मुलं आहोत आम्ही.

पंच पाटबंधारे खात्यात होता, कुठे बदली झाली माहीत नाही. उद्या सरकारी वकिलांना भेटून 65 ब चं आणि पंचाच्या समन्सचं विचारतो. मागणीच्या दिवशी माझी कॉलेजात गैरहजेरी लागलेली असेल, तो हजेरीपट इतक्या वर्षांनी कॉलेजात मिळतो का, कोणाला माहीत आहे?