चार वर्षांचं पोर, पानं, कागद आणि हळद: पसारा न करता काय काय जमलं? (अनुभव धागा)

ठाण्याची आई

लेक चार वर्षं दोन महिन्यांचा. घर भाड्याचं, हॉल दहा बाय बारा. मागच्या पावसाळ्यात पोस्टर कलरच्या सहा बाटल्या आणल्या होत्या. त्यातल्या हिरव्याचा पंजा बेडरूमच्या भिंतीवर अजून आहे आणि डिपॉझिटमधून किती कापले जातील याचा हिशोब मी रोज करते. म्हणून ओले रंग बंद. आता कागद, पानं आणि स्वयंपाकघरातलं जे काही रंग देतं, तेवढ्यावरच भागवायचं ठरवलंय. तुम्ही काय केलंत, काय फसलं, ते लिहा. यादी नको, अनुभव हवा.

सुरुवात मी करते. पानावर कागद ठेवून खडूने घासायचं, हे सगळ्यांनी लहानपणी केलेलं असतं. आमच्याकडे मात्र पहिले तीन दिवस नुसते डाग उमटले. चूक माझीच होती. ताजं तोडलेलं पान घेतलं तर कागद ओला होऊन फाटायचा आणि वाळलेलं घेतलं तर त्याचा चुरा व्हायचा. शेवटी रात्री पानं रद्दीच्या गठ्ठ्यात दाबून ठेवली आणि सकाळी घेतली, ती बरोबर निघाली: लवचीक पण कोरडी. पान उलटं ठेवायचं, कारण शिरा मागच्या बाजूला उठून असतात. खाली कणकेची मुगाएवढी गोळी चिकटवली की पान सरकत नाही. वर प्रिंटरचा साधा पातळ कागद. ड्रॉइंगच्या जाड कागदातून काहीच उमटत नाही.

खरी गोम खडूत होती. मुलगा खडू पेन्सिलीसारखा उभा धरून दाबायचा, की कागद फाटलाच. मग मेणखडूचा कागदी वेष्टनाचा कपडा काढला, खडू मोडून दोन बोटांएवढा तुकडा केला आणि आडवा धरायला दिला. तुकडा इतका लहान की उभा धरताच येत नाही. पाचव्या पानाला पिंपळाची शेपटी उमटली तेव्हा तो ओरडला, "आई, पान आतून बाहेर आलं!"

आमच्याकडे पिंपळ, उंबर आणि पेरू छान उमटतात. तुळस अगदीच मऊ, तिचं काही होत नाही.

डोंबिवलीचा बाबा

आमची मुलगी साडेचारची. मी एका व्हिडिओत पाहून पानं ठोकून रंग काढायचा प्रयोग केला. जाड कागद मधोमध दुमडायचा, आत पालकाचं पान किंवा गोकर्णाचं फूल ठेवायचं आणि वरून ठोकायचं. रंग कागदातच उतरतो, बाहेर थेंब नाही. तिसऱ्या मिनिटाला खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या. त्यांची दुपारची झोप मोडली होती.

म्हणून ठोकणं सोडून स्टीलच्या चमच्याची पाठ घेतली. घडी केलेल्या कागदावर जोर देऊन गोल गोल फिरवायची. वेळ लागतो, पण आवाज नाही आणि पोरीची दहा मिनिटं जातात. घडी उघडली की दोन्ही बाजूंना निळं फूल, आरशात पाहिल्यासारखं. इथे वरच्या ताईंच्या उलट, कागद जाडच लागतो. पान धुतलं असेल तर फडक्याने पूर्ण कोरडं करा, नाहीतर रंग पसरून नुसता डबका होतो. जास्वंद घेऊ नका, तिचा चिकट बुळबुळीत रस निघतो आणि दोन्ही कागद एकमेकांना चिकटून बसतात.

आणखी एक, बीटाच्या रसात लिंबू पिळलं की तो निळा होतो. तेही करून बघा, मुलांना जादू वाटते.

सांगलीचे निवृत्त सर (रसायन)

डोंबिवलीकर, बीट निळं होत नाही. लिंबाने ते लालच राहतं. लिंबू लागलं की रंग बदलतो तो गोकर्णाचा आणि जांभळ्या कोबीचा. बीटातला रंग त्या जातीचा नाही. तुमचा गोंधळ बहुधा यातूनच झालाय.

माझी नात चार वर्षांची आहे, तिच्याबरोबर करतो ते सांगतो. यात ओला भाग मोठ्यांनी रात्री उरकायचा आणि मुलांच्या हातात फक्त कोरडा कागद द्यायचा, एवढीच युक्ती आहे.

हळद पाण्यात नीट विरघळत नाही. पाण्यात कालवून कागदाला लावली तर वाळल्यावर भुकटी झडते आणि सगळं घर पिवळं होतं. त्याऐवजी एक चमचा हळद चार चमचे स्पिरिटवाल्या सॅनिटायझरमध्ये ढवळून दहा मिनिटं ठेवा. सॅनिटायझर पातळ, पाण्यासारखाच घ्या, जेलवाला नको. गाळ खाली बसला की वरचं निथळलेलं पिवळं पाणी कापसाने कागदावर फिरवा. हे गॅसजवळ करू नका, मुलं झोपल्यावर खिडकी उघडून करा. कागद पाच-दहा मिनिटांत वाळतो आणि त्याची भुकटी झडत नाही.

सकाळी ताटात दोन छोट्या वाट्या ठेवा: एकीत चमचाभर पाण्यात चिमूटभर खायचा सोडा, दुसरीत चमचाभर लिंबूपाणी. हातात कान साफ करायच्या काड्या द्या, ब्रश नको. ब्रश थेंब गाळतो, काडी गाळत नाही. सोड्याची रेघ हळदीवर विटकरी लाल उमटते. तिच्यावरून लिंबाची काडी फिरवली की पुन्हा पिवळी. आमची नात याला "खोडरबर लिंबू" म्हणते. दोन्ही वाट्या मिळून दोन चमचे पाणी असतं. सांडून सांडणार किती?

गोकर्णाचंही असंच. आठ-दहा फुलं अर्धी वाटी गरम पाण्यात दहा मिनिटं ठेवून गाळा, त्यात कागदाच्या पट्ट्या बुडवून वाळवा. लिंबाने गुलाबी-जांभळा होतो, सोड्याने हिरवट. एक अडचण मात्र येते. झेरॉक्सच्या बऱ्याच कागदांत खडूसारखी पांढरी भुकटी घातलेली असते, ती स्वतःच थोडी सोड्यासारखी वागते. म्हणून पट्टी आधीच हिरवट दिसली तर फुलांना दोष देऊ नका. कॉफी गाळायचा कागद किंवा साधा टिश्यू घेऊन पाहा.

कोल्हापूरची आजी

सर, सोडा-बिडा कशाला? आम्ही हळदीत चुना घालायचो, लगेच लालभडक. कुंकू असंच तर व्हायचं. पानाच्या डब्यातला चिमूटभर चुना लागतो.

सांगलीचे निवृत्त सर

आजी, कुंकवाचं तुमचं बरोबर आहे. पण चार वर्षांच्या मुलाच्या हाती चुना देऊ नका. तो डोळ्यात गेला तर डोळा भाजतो आणि या वयाचं मूल डोळे चोळणारच. रंग सोड्याने थोडा फिका येतो, तेवढं सोसा.

कोल्हापूरची आजी

आमच्या वेळी कुणाचे डोळे गेले नाहीत. असो. नातवाला सोडाच देते.

अंबरनाथहून एक प्रश्न

माझ्या सोफ्यावर वरणाचा डाग आहे, साबणाने पुसला तर लाल झाला. सरांच्या लिंबाने जाईल का? मुलगा चार वर्षांचाच आहे, म्हणून विचारलं.

ठाण्याची आई

ताई, तुमचा प्रश्न सोफ्याचा आहे! तरी सांगते. लिंबाने लाल जाऊन परत पिवळा होईल, डाग जाणार नाही. कव्हर निघत असेल तर धुऊन उन्हात टाका. हळद उन्हाने उडते. कागदाचंही तेच, हळदीचं चित्र आम्ही खिडकीच्या काचेला लावलं होतं, आठवड्यात पांढरं पडलं.

चंद्रपूरचा मामा

तुम्हा शहरातल्यांना सोडा-लिंबू लागतं. आमच्याकडे सागाची पालवी आहे. उन्हाळा सरताना आलेलं कोवळं पान दोन तळव्यांत चुरडा, तळवे लाल होतात. भाची आली की आम्ही ते पान कागदाच्या घडीत ठेवून वरून बाटली लाटतो. लालसर ठसा येतो, पाणी अजिबात लागत नाही. मोठं जून पान मात्र चालत नाही, त्याचा रंग येत नाही. शिवाय ते खरखरीत असतं, लहान तळव्याला टोचतं.

एक सांगतो, पानं मुलांना निवडू द्या पण तुम्ही बरोबर असा. रुईचा चीक आणि कण्हेरीचं पान हाताला लागू देऊ नका. आमच्या भाचीने एकदा रुईचं पान मोडलं, चिकाचा हात तोंडाजवळ न्यायच्या आत धरली म्हणून बरं. गाजर गवताने काहींच्या अंगाला पुरळ येतं, तेही टाळा.

डोंबिवलीचा बाबा

सर, बीटाचं मान्य. पण पालकाच्या ठशाचं काय? आमचे हिरवे ठसे महिन्याभरात तपकिरी झाले. पोरगी रडली, "माझं पान म्हातारं झालं." तुरटीच्या पाण्यात कागद आधी बुडवला तर रंग टिकतो असं कुणी सांगितलं.

सांगलीचे निवृत्त सर

तुरटीने कापडावर पुष्कळ रंग पक्के होतात. पालकाचा हिरवा मात्र उजेडाने जातोच, कागदावर तुरटीने फार काही फरक पडलेला मी पाहिला नाही. वहीत मिटून ठेवलेले ठसे भिंतीवरच्यांपेक्षा जास्त दिवस राहतात, एवढं खरं.

नाशिकची मावशी

मी तुरटी वापरली, माझा झेंडूचा पिवळा अजून आहे. झेंडू वेगळा, पालक वेगळा, हे खरं असेल. पण मी तुरटी सोडणार नाही.

न्यू जर्सीहून

आमच्याकडे पिंपळ कुठला, पण ऑक्टोबरात मेपलची पानं अंगणभर असतात. घासून छान उमटतात, फक्त देठ जाड असल्याने कागद तिथे उचलला जातो. मी देठ कात्रीने कापून टाकते. मुलगा चार वर्षांचा, मराठी कमी बोलतो. पण सरांचं "खोडरबर लिंबू" वाचून दाखवलं तर दिवसभर तेच म्हणत होता.

ठाण्याची आई

आज हळदीचा कागद केला. रात्री तीन कागद वाळवले आणि सकाळी लेकाला ताट, दोन वाट्या, चार काड्या दिल्या. त्याने आधी पानाचा ठसा काढला, मेणखडूचा, हळदीच्याच कागदावर. मग वरून सोड्याची काडी फिरवली. मेण असलेल्या शिरा तशाच राहिल्या आणि मधला कागद लाल झाला. हे मी सुचवलं नव्हतं. सगळं धरून अठरा मिनिटं झाली आणि फरशीवर दोनच थेंब पडले.

मग तो हात धुवायला गेला. बोटांना थोडा हळदीचा रंग होता. साबण लागताच बोटं लाल झाली आणि त्याला वाटलं रक्त आलं. पाऊण तास समजूत काढली. आता तो प्रत्येक वेळी साबणाआधी लिंबू मागतो.