एकच घोषणा, तीन माध्यमे : लिंक्डइन, इन्स्टाग्राम आणि फेसबुकसाठी मजकूर कसा बदलावा?

बेदाणा_पिंपळगाव : नमस्कार. पिंपळगाव बसवंत येथे आमचे बेदाण्याचे लहान युनिट असून आजवर आम्ही केवळ घाऊक विक्री केली. अक्षय्य तृतीयेला गंगापूर रोडवर किरकोळ विक्री केंद्र सुरू करीत आहोत. घोषणेचा मजकूर तयार आहे. त्याची सुरुवात ‘कळविण्यास अत्यंत आनंद होतो की’ अशी आहे. तिन्ही ठिकाणी तोच टाकावा की वेगवेगळा लिहावा? खर्चासाठी तीन हजार रुपये आणि हाताशी दोन संध्याकाळ आहेत.

कॉलेजरोडकर : आम्ही कॅफे उघडला तेव्हा पंचवीस हजार देऊन व्हिडिओ करून घेतला आणि पहिल्याच रविवारी बसायला जागा उरली नव्हती. तुम्हीही व्हिडिओच करा. लिहिलेले कोणी वाचत नाही.

येवला_पैठणी : व्हिडिओपूर्वी एक धोका सांगते. आमचे काम पाहणाऱ्या संस्थेने इन्स्टाग्रामची पोस्ट आपोआप फेसबुकवरही जाईल अशी सोय केली होती. इन्स्टाग्रामच्या मजकुरात दिलेली लिंक दाबता येत नाही, म्हणून तिथे ‘लिंक बायोमध्ये आहे’ असे लिहिले होते. तेच वाक्य फेसबुकवर गेले आणि बायो म्हणजे काय, ती कुठे शोधायची, असे विचारणारे फोन दिवसभर येत राहिले. फेसबुकवर लिंक थेट चालते, त्यामुळे ती सोय बंद ठेवून दोन्हीकडे स्वतंत्र पोस्ट टाका.

अंबड_एमआयडीसी : लिंक्डइनवर मात्र पोस्टमध्ये लिंक देऊच नका, पहिल्या प्रतिक्रियेत द्या, नाहीतर पोस्ट लोकांपर्यंत पोहोचत नाही. आणि तिथे इंग्रजीतच लिहावे.

मजकूर_नाशिकरोड : दादा, लिंकविषयी असे सर्रास म्हटले जाते, परंतु आमच्या ग्राहकांच्या पोस्टमध्ये मला ठळक फरक दिसला नाही. शिवाय प्रतिक्रियेतली लिंक अनेकांच्या नजरेतून सुटते. मूळ प्रश्न पहिल्या ओळीचा आहे. तिन्ही ठिकाणी लांब मजकुराचा केवळ आरंभ दिसतो आणि उरलेला ‘आणखी’वर बोट ठेवल्यावर उघडतो. ‘कळविण्यास अत्यंत आनंद होतो की’ यात त्या जागेचा काही भाग वाया जातो आणि बेदाणा हा शब्द मागे पडतो.

आधी एका कागदावर तारीख, वेळ, पत्ता, फोन आणि दर लिहून ठेवा. ही माहिती तिन्हीकडे अक्षरशः सारखीच राहील. बदलतील त्या दोनच गोष्टी, पहिली ओळ आणि वाचकाने पुढे काय करावे ही विनंती. लिंक्डइनवर आपला वाचक हॉटेल, बेकरी किंवा मिठाईचा व्यावसायिक आहे, म्हणून लिहा : ‘नाशिकच्या बेकरी व मिठाई व्यावसायिकांना प्रतवारी केलेला बेदाणा आता गंगापूर रोडवरच मिळेल.’ शेवटी नमुना मागवण्यासाठी फोन द्या. इन्स्टाग्रामवर चित्र आधी पाहिले जाते. तिथे रॅकवर सुकणाऱ्या द्राक्षांचा उभा फोटो घ्या आणि त्याखाली ‘शिऱ्यात कोणता बेदाणा घालता, हिरवा की काळा?’ असे विचारा. तारीख आणि पत्ता मात्र दुसऱ्या फोटोवर मोठ्या अक्षरांत छापा, कारण मजकूर न उघडणारे पुष्कळ असतात. फेसबुकवर नातेवाईक आणि ओळखीचे लोक आहेत. तिथे दिवस, वेळ व गाडी लावण्याची जागा पहिल्याच ओळीत सांगा आणि इव्हेंट तयार करा, म्हणजे येणाऱ्यांना आठवण जाते.

कॉलेजरोडकर : उभा फोटो म्हणजे उभा व्हिडिओ घेता येतोच. मी तेच म्हणत होतो.

येवला_पैठणी : उभ्या फोटोच्या अगदी कडेला अक्षरे ठेवू नका, प्रोफाइलच्या चौकटीत कडा कापल्या जातात. वेळ बदलली तर तिन्हीकडे त्याच दिवशी दुरुस्त करा.

अंबड_एमआयडीसी : लिंक तीच राहणार असेल तर ग्राहक कोणत्या पोस्टवरून आले हे कसे कळणार?

मजकूर_नाशिकरोड : लिंकच्या शेवटी लिंक्डइनसाठी `?utm_source=linkedin`, इन्स्टाग्रामसाठी `?utm_source=instagram` व फेसबुकसाठी `?utm_source=facebook` असे जोडा, संकेतस्थळाच्या आकडेवारीत ते वेगवेगळे दिसतात. दुकानात प्रत्यक्ष आलेला ग्राहक मात्र त्यात मोजला जात नाही. त्याला काउंटरवरच विचारावे लागेल. आणि फेसबुकवर लिंकसोबत जुने चित्र दिसत राहिले, तर त्यांच्या Sharing Debugger मध्ये लिंक टाकून Scrape Again दाबा.

बेदाणा_पिंपळगाव : सर्वांचे आभार. व्हिडिओ करीत नाही. तीन हजार फोटोंसाठी वापरतो. एका कागदावरची माहिती आणि तीन वेगळ्या पहिल्या ओळी हे पटले. लिंक्डइनवर मात्र मी मराठीतच लिहिणार आहे, कारण मला परदेशी खरेदीदार नको, सातपूर आणि पंचवटीचे बेकरीवाले हवेत आणि त्यांच्याशी माझा सर्व व्यवहार मराठीतच होतो.

अंबड_एमआयडीसी : मोठ्या हॉटेलांचे खरेदी अधिकारी अनेकदा बाहेरगावचे असतात. निदान शेवटी दोन ओळी इंग्रजीत ठेवा.

बेदाणा_पिंपळगाव : हॉटेलांना मी प्रत्यक्ष भेटून नमुना देईन. पोस्ट मराठीतच राहील.