उत्तर: ठोकळ्यावर ठोकळा, ८ की २०?

«वरचा ठोकळा २ किलोचा, खालचा ३ किलोचा, दोघांमधला घर्षणांक ०.४, जमीन गुळगुळीत. कमाल घर्षण ८ न्यूटन, मग खालच्याला ८ पेक्षा जास्त ओढलं की वरचा घसरायला हवा ना? पुस्तकात २० दिलंय.»

पुस्तकातलं २० बरोबर आहे, ८ कुठे चुकतं ते बघू. तुम्ही ओढता ते खालच्याला. वरच्याला तुमचा हात लागतच नाही, त्याला पुढे नेणारं आडवं बल एकच, ते म्हणजे घर्षण. (हो, इथे घर्षण गतीच्या दिशेनेच आहे.) ते जास्तीत जास्त ८ न्यूटन, म्हणून वरच्याचं त्वरण ८ ÷ २ = ४ मी/से² च्या पुढे जाऊच शकत नाही. g १० धरलाय. घसरायच्या अगदी आधी दोघे मिळून ५ किलो याच त्वरणाने जातात, म्हणून ५ × ४ = २० न्यूटन.

पडताळून बघा. १२ न्यूटनने ओढलं तर त्वरण २.४, वरच्याला हवं फक्त ४.८ न्यूटन घर्षण. तेवढं सहज मिळतं. इथेही ८ लिहिलंत तर उत्तर बिघडेल, कारण स्थैतिक घर्षण गरजेपुरतंच असतं.

जमीन खरखरीत असेल, समजा घर्षणांक ०.१, तर तिच्यावर भार दोघांचा, ५० न्यूटन. तिचं घर्षण ५, म्हणून मर्यादा २५. इथे नुसते ३ किलो धरण्याची चूक मीही केलीय.

आणि गुळगुळीत जमिनीवर वरच्यालाच ओढलं तर? मग घर्षण खालच्याला नेतं: ८ ÷ ३ × ५, म्हणजे साधारण १३.३ न्यूटन.