मंगोलांच्या दरबारातले धर्मवाद: काराकोरम घेऊ की कायपिंग? सल्ला हवा

सांजवेळ
आमच्या वाचनकट्ट्यावर मला वीस मिनिटं बोलायचंय. विषय: मंगोल खानांनी धर्मगुरूंना दिलेली करमाफी आणि त्यांच्यासमोर झालेले धर्मवाद. दोन प्रसंग सापडलेत, 1254 चा मंगोल राजधानी काराकोरमचा आणि 1258 चा चीनमधल्या कुबलाईच्या कायपिंग शहरातला. दोन्ही वीस मिनिटांत बसत नाहीत. कुठला घेऊ?

रानवाट
अहो, अकबराचा इबादतखाना घ्या ना! फत्तेपूर सिक्रीला सगळ्या धर्मांचे पंडित बोलावले होते. लोकांना लगेच कळेल.

सांजवेळ
रानवाट, मोगल नाही हो, मंगोल. तीनशे वर्षं आधीचे.

रानवाट
चष्मा लावून वाचायला हवं होतं. जाऊ द्या.

खडूफळा
काराकोरम. डोळे झाकून. गोष्ट म्हणूनच झकास आहे. रुब्रुकचा विल्यम नावाचा फ्रान्सिस्कन साधू चंगीझचा नातू मोंखे खान याच्याकडे पोचला होता. खानाने ख्रिस्ती, मुसलमान आणि बौद्ध यांना समोरासमोर बसवलं आणि तिघांपैकी प्रत्येकाचा एकेक पंच नेमला. कुणी भांडखोर शब्द काढला तर देहदंड! रुब्रुकने तिथल्या नेस्टोरियन, म्हणजे पूर्वेकडच्या पंथाच्या, ख्रिश्चनांना आधी डावपेच शिकवला: मुसलमानही एकच देव मानतात, तेव्हा पहिली कुस्ती बौद्धांशी. बौद्ध म्हणाला, जग कसं झालं किंवा मेल्यावर आत्म्याचं काय होतं, इथून सुरू करू. रुब्रुक अडून बसला, आधी देवावर बोलू. मुसलमानांनी तर वादच घातला नाही. शेवटी कुणीही धर्म बदलला नाही. नेस्टोरियन आणि मुसलमान मोठ्याने गायले, बौद्ध गप्प बसले, मग सगळे मिळून भरपूर प्याले. मंगोल सेक्युलर होते याचा याहून चांगला पुरावा नाही.

जुनी_पोथी
खडूफळा, गोष्ट बरोबर सांगितलीत, निष्कर्ष नाही पटला. एक तर ही हकिगत एकट्या रुब्रुकने, म्हणजे वादातल्याच एका पक्षाने, आपल्या राजाला लिहून पाठवलेली आहे. त्यात तोच जिंकतो यात नवल काय? दुसरं, करमाफी सरसकट नव्हती. मोंखेच्या यादीत यहुदी नव्हते.

सांजवेळ, तुम्ही कायपिंग घ्या, कारण करमाफी आणि वाद यांची गाठ तिथेच दिसते. चंगीझने 1223 मध्ये चीनमधल्या ताओ पंथाचा गुरू छ्यू छूजी याच्या शिष्यांना करांतून सूट दिली. अट अशी की रोज पोथ्या म्हणून बादशहाच्या दीर्घायुष्यासाठी प्रार्थना करायची. खोटाच संन्यासी होऊन कर चुकवणाऱ्याला शिक्षा, असंही त्याच फर्मानात आहे. म्हणजे पळवाट कुठली हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं! लढायांनी उद्ध्वस्त झालेल्या उत्तर चीनमध्ये सूट असलेल्या मठात शिरणं म्हणजे जगण्याची सोय. ताओ पंथ फुगला, ओस पडलेले बौद्ध विहारही त्यांनी बळकावले. बौद्धांची तक्रार मोंखेपर्यंत गेली आणि त्याने वाद ऐकायचं काम भाऊ कुबलाईवर सोपवलं.

वाद तत्त्वज्ञानाचा कमी, कागदपत्रांचा जास्त. ताओ पंथाचा आद्यगुरू लाओझी पश्चिमेला जाऊन बुद्ध झाला, असं सांगणारी एक ताओ पोथी होती. तेविशीतल्या फाग्सपा या तिबेटी लामाने विचारलं, हे प्राचीन चिनी इतिहासकार सीमा छ्येनच्या इतिहासात आहे का? नाही. लाओझीच्याच ताओ-ते-चिंग या पोथीत? नाही. मग ही पोथी बनावट! दोन्हीकडून सतरा-सतरा जण बसले होते. हरलेल्या सतरा ताओंचं मुंडण झालं, पोथ्या जाळायचा आणि विहार परत करायचा हुकूम निघाला.

शेतबांध
आमच्या घराण्याकडे देवस्थान इनामाची जमीन होती. पूजा चुकली की जमीन जाणार, असं आजोबा सांगायचे. हे चंगीझचं फर्मान तसंच वाटतंय. पण मला विचारायचंय, देवस्थानाच्या जमिनीवर आता कर लागतो का?

जुनी_पोथी
त्यासाठी तलाठी कार्यालय गाठा. पण अट तीच हे खरं. फक्त मंगोलांकडे सूट माणसाला होती आणि ती बदलत राहिली. कुबलाईने 1264 मध्ये ठरवलं की धर्मगुरू शेती करत असतील तर जमिनीचा कर आणि व्यापार करत असतील तर व्यापाराचा कर भरायचा.

खडूफळा
मान्य, गाठ कायपिंगलाच बसते. पण कुबलाई आधीच बौद्धांकडे झुकलेला होता. पंच असा असेल तर तो वाद कसला, निकालपत्राचं वाचनच ना?

जुनी_पोथी
झुकलेला होता, खरं आहे. तरी तक्रार खोटी नव्हती, विहार गेलेच होते. किती निकाल आधीच ठरला होता, यावर वाद घालायला जागा आहे.

सांजवेळ
मग कायपिंग. काराकोरमचं ते गाणं आणि पिणं सुरुवातीला दोन मिनिटांत सांगते, नाहीतर मागच्या रांगेतले झोपतील. जुनी_पोथी, तो विहार परत करायचा हुकूम प्रत्यक्षात पाळला गेला का?

जुनी_पोथी
पुरता नाही. म्हणून तर 1281 मध्ये कुबलाईला पुन्हा पोथ्या जाळायचा हुकूम काढावा लागला. त्या वेळी ताओ-ते-चिंग तेवढं वाचलं.