शब्दचर्चा: फेरीवाल्यांना 'सीमांत' आणि 'अनुत्पादक' म्हणायचं का?

मृण्मयी_परळ
एमएच्या समाजशास्त्राच्या नोट्स मराठीत करतेय. मी लिहिलं होतं, "फेरीवाल्यांसारखे सीमांत व अनुत्पादक व्यवसाय शहरात वाढत आहेत". मॅडमनी दोन्ही शब्दांखाली लाल रेघ मारली आणि बाजूला एवढंच लिहिलं, "कोणाच्या दृष्टीने?" शब्द चुकलेत की माझं वाक्यच चुकलंय? सीमांत नको तर परिघावरचे म्हणू का? आणि अनुत्पादकला काय लिहायचं?

नितीन_ठाणे
सीमांत बरोबरच आहे की. सरकारी भाषेत सीमांत शेतकरी म्हणजे एक हेक्टरपर्यंत जमीनवाला, जनगणनेतही सीमांत कामगार असतोच. छोटा धंदा म्हणजे सीमांत. मॅडमना उगाच खोड काढायची सवय असेल.

सुलभाताई
नितीन, अर्धं बरोबर सांगितलंस. पण जनगणनेतला सीमांत कामगार म्हणजे वर्षात सहा महिन्यांपेक्षा कमी काम मिळालेला माणूस. लालबागला बाराही महिने बसणारी भाजीवाली त्या हिशोबाने मुख्य कामगारात जाते, सीमांतात नाही. तिथे हा शब्द नुसतं किती ते सांगतो, एवढी जमीन, एवढे दिवस.

मृण्मयीच्या नोट्समध्ये तो आलाय वेगळ्या वाटेने. 1960 च्या दशकात लॅटिन अमेरिकेत जे लिखाण झालं त्यात सीमांत म्हणजे शहरात राहूनही शहराच्या बाहेर असलेला. गावाकडून आलेला, अजून न मुरलेला, उद्या कारखान्यात नोकरी लागली की आपोआप मार्गी लागेल असा. मग जॅनिस पर्लमन नावाची संशोधक रिओच्या झोपडवस्त्यांमध्ये राहून आली, 1976 ला तिचं पुस्तक आलं, आणि तिला उलटंच दिसलं होतं. ही माणसं बाहेर नव्हतीच, शहराला त्यांचं काम, त्यांची मतं, त्यांची खरेदी सगळं चालत होतं, फक्त व्यवहाराच्या अटी त्यांच्या बाजूच्या नव्हत्या. मॅडमचा प्रश्न बहुतेक तिथूनच येतोय.

आणि आपल्या मुंबईत तर 'अजून न मुरलेला' हे अजिबातच बसत नाही. शरित भौमिक म्हणून समाजशास्त्रज्ञ होते, त्यांनी 2000 च्या आसपास सात शहरांतल्या फेरीवाल्यांचा अभ्यास केला, मुंबईत त्यांना साधारण 30 टक्के लोक असे सापडले जे आधी कायमच्या नोकरीत होते, त्यात कापडगिरण्यांतले कामगार बरेच. म्हणजे 1982 चा संप, मग गिरण्या बंद, मग नवरा घरी आणि बायको टोपली घेऊन बाहेर. हा माणूस काठावरून आत येत नव्हता, आत होता, त्याला बाहेर काढलं.

लाल_डायरी
सीमांतबद्दल मान्य. पण अनुत्पादक ही शिवी नाही, ती मार्क्सची संज्ञा आहे. व्यापारात मूल्य तयार होत नाही, फक्त हात बदलतात. टोमॅटो शेतकऱ्याने पिकवला, भाजीवालीने नुसता विकला. भावना दुखावल्या म्हणून शास्त्रातला शब्द बदलायचा नसतो.

लालबागची_भाजी
नुसता विकला म्हणजे काय ते सांगतो, कारण माझी आई हेच करते आणि शाळेत असल्यापासून हिशोबाची वही मी लिहितो. एक क्रेट टोमॅटोचाच घ्या. पहाटे चारला दादरच्या घाऊक बाजारात 25 किलोचा क्रेट 500 ला उचलला, हमाली आणि टेम्पोतला वाटा मिळून 40, म्हणजे 540 घातले. आता तो क्रेट कोण घरी नेणार? आमच्याकडे येतात ते पाव किलोवाले, दोन नगवाले, "चटणीपुरता दे गं" वाले. आई बसल्या बसल्या फडक्याने एकेक पुसते आणि तीन ढीग लावते, कडक, आज संपला पाहिजे असा आणि मऊ. दोन किलो फुटलेले, ते गेले. 12 किलो सकाळी 40 ने गेले म्हणजे 480, संध्याकाळी 8 किलो 30 ने म्हणजे 240, उरलेले मऊ 3 किलो समोरच्या पावभाजीवाल्याला 20 ने, 60. त्याला मऊच लागतात. झाले 780. हातात राहिले 240. त्यातून हप्त्यातला वाटा 20, रात्री माल ठेवायच्या जागेचे 20, राहिले 200. आणि ज्या दिवशी भांडवल नसतं त्या दिवशी सकाळी 500 घेऊन रात्री 550 द्यायचे, मग 150. तेवढ्यासाठी पहाटे चार ते रात्री साडेनऊ, मधे दोन तास डोळा. इतर भाज्या असतात म्हणून घर चालतं, पण चालतं ह्याच पद्धतीने. वर बिल्डिंगचे वॉचमन आणि घरकामवाल्या बायका, त्यांची महिन्याची उधारी.

आता ह्यात "नुसते हात बदलले" कुठे आहे ते मला दाखवा.

सुलभाताई
लाल_डायरी, हे वाचून परत मार्क्स उघडा. त्याने निव्वळ खरेदी-विक्री आणि हिशोब ठेवणं अनुत्पादक म्हणून बाजूला काढलं हे खरं, पण वाहतूक, साठवण आणि माल छोट्या वाट्यांमध्ये विभागून देणं ही कामं त्याने त्यात धरलेली नाहीत. ते त्याच्या लेखी उत्पादनच आहे, फक्त कारखान्याबाहेर बाजारात चालू राहिलेलं. वरच्या हिशोबात बघा, दादरहून आणलं, ऊन लागू न देता ठेवलं, निवडलं, पाव किलोवर आणलं. निव्वळ विक्री म्हणता येईल अशी त्यात शेवटची पाच मिनिटं. आणि वडेवाला, डोसेवाला असेल तर वादच संपला, तो समोर तळतोय.

दुसरं म्हणजे मार्क्ससाठी उत्पादक म्हणजे भांडवलदाराला वरकड, म्हणजे मजुरी भागून वर उरणारं मूल्य, मिळवून देणारे श्रम, ती काही शाबासकी नव्हती. आपण रोजच्या मराठीत अनुत्पादक म्हणतो तेव्हा निरुपयोगी, फुकट गेलेला असं ऐकू येतं. संज्ञा एकाच्या तोंडची आणि अर्थ दुसऱ्याच्या कानातला, हा घोळ नोट्समध्ये नको.

लाल_डायरी
विभागणीबद्दल मान्य करतो. पण मग 550 घेणारा सावकार? तो तर अनुत्पादक आहे ना? शब्द पूर्ण टाकून दिला तर त्याला काय म्हणणार?

लालबागची_भाजी
त्याला आम्ही काय म्हणतो ते इथे लिहिता येणार नाही.

दादरकर_73
सगळं ठीक आहे हो, पण स्टेशनबाहेर चालायला जागा नाही त्याचं काय? माझ्या आईला काठी घेऊन रस्त्यात उतरावं लागतं. ना टॅक्स, ना लायसन्स, आणि आपण त्यांना उत्पादक म्हणायचं. बेकायदेशीर म्हणा, सोपा शब्द आहे.

सुलभाताई
दादरकर, तुमच्या आईची अडचण खरी आहे, ती मी नाकारत नाही. पण बेकायदेशीर हा शब्द कामाचं वर्णन करत नाही, कागदाचं करतो. मुंबईत 1978 नंतर नवीन परवाने जवळपास दिलेच नाहीत. म्हणजे कागद द्यायचा बंद केला आणि मग कागद नाही म्हणून बेकायदेशीर. आणि तो बंद का ठेवता आला, कारण डोक्यात 'सीमांत' होतं. हे तात्पुरतं आहे, नोकऱ्या वाढल्या की हे लोक जातील, मग जागा कशाला आखायची! एकेकाळी महापालिका रोजची फी घेऊन पावती फाडायची, लोकांनी त्या पावत्या प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवल्यात, आम्ही इथे होतो ह्याचा पुरावा म्हणून. त्यामुळे काहीच भरत नव्हते असंही नाही, आणि हप्ता तर चालूच आहे, तो फक्त तिजोरीत जात नाही.

2014 च्या फेरीवाला कायद्याने आधी सर्वेक्षण, मग प्रमाणपत्र, मग जागा असा क्रम लावून दिला आणि शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत सामावून घ्यायला सांगितलं. तो क्रम पाळला तर तुमच्या आईला फुटपाथही मिळतो. नुसती गाडी आणून माल उचलला तर दोन तासांनी तीच माणसं तिथेच.

दादरकर_73
अडीच टक्के म्हणजे मुंबईत तीन लाख! कुठे बसवणार? दादरमध्ये इंचभर जागा दाखवा.

नितीन_ठाणे
हा मुद्दा मला पण पटतो. बाय द वे माझी वहिनी घरून मसाले विकते, व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डर घेते, ती पण ह्यात येते का? तिला कोणी असंघटित म्हटलं तर चालेल ना?

सुलभाताई
नोंद नसलेल्या कामात येते, फेरीवाल्यांच्या कायद्यात नाही. पण असंघटित म्हणू नकोस, निदान फेरीवाल्यांना तरी. त्यांच्या युनियन आहेत, मोर्चे काढतात, सुप्रीम कोर्टापर्यंत गेलेत. असंघटित म्हटलं की वाटतं विस्कळीत, कुणी वाली नसलेले. अनौपचारिक त्यातल्या त्यात बरा, कारण तो कामाचा दर्जा ठरवत नाही, नोंद आणि कायद्याचं छत्र नाही एवढंच सांगतो. कीथ हार्ट नावाच्या मानववंशशास्त्रज्ञाने 1971 मध्ये घानाच्या अक्रा शहराबद्दल बोलताना तो वापरला, आणि त्याचं म्हणणंच हे होतं की तुम्ही ज्यांना बेकार म्हणून मोजताय ते बेकार नाहीत, दिवसभर कमावतायत, फक्त तुमच्या रजिस्टरला दिसत नाहीत.

लालबागची_भाजी
अनौपचारिक म्हटलं की मला चहापानाचा कार्यक्रम वाटतो. आई धंदा म्हणते. "धंद्यावर बसलेय." आणि ताई, एक गोष्ट मात्र, आता सगळे उत्पादक उत्पादक करून कौतुक करतात तेही मला झेपत नाही. एका क्रेटमागे दीडशे रुपये आणि साडेपंधरा तासांचा दिवस, ह्यात कसलं उद्योजक.

सुलभाताई
बरोबर बोललास. पाव किलो टोमॅटो आठ-दहा रुपयात दारात मिळतो म्हणून गिरणगावातल्या सिक्युरिटी गार्डला त्याच्या पगारात जेवता येतं, म्हणजे तुझ्या आईच्या कमी कमाईतला थोडा हिस्सा त्या गार्डला कमी पगार देणाऱ्या कंपनीच्या खिशात जातो. म्हणूनच सीमांत नको म्हणतात. सीमांत म्हटलं की हा धागाच दिसत नाही.

मृण्मयी_परळ
थँक्स सगळ्यांना. आता असं लिहिलंय: "फेरीवाले शहराच्या अर्थव्यवस्थेशी जोडलेले आहेत, पण प्रतिकूल अटींवर, त्यांचं काम वितरणाचं आणि अनेकदा थेट उत्पादनाचंही आहे." अनुत्पादक काढला, अनौपचारिक ठेवला.

लाल_डायरी
"प्रतिकूल अटी" कोणी घातल्या ते वाक्यात नाही. मॅडम परत रेघ मारणार.

नितीन_ठाणे
आणि वाक्य फार लांब झालं, परीक्षेत एवढं लिहायला वेळ कोणाकडे असतो.