शब्दचर्चा : ‘जेवणासाठी धन्यवाद’ की ‘जेवणाबद्दल आभार’?

मुग्धा : सासरे आजारी होते तेव्हा शेजारच्या काकू रोज आमचं जेवण घेऊन यायच्या, मी नुसती दवाखाना आणि घर करत होते. काल त्यांचा मेसेज आला, ‘आता कसे आहेत बाबा? काही लागलं तर सांग.’ त्याला छोटंसंच पण मनापासून उत्तर द्यायचंय. मी असं लिहिलंय : ‘आदरणीय काकू, बाबांच्या आजारात आपण आणलेल्या जेवणासाठी मनःपूर्वक धन्यवाद. आम्ही आपले सदैव ऋणी राहू.’ वाचताना हे माझं वाटतच नाहीये. शब्द कुठला बदलू, धन्यवाद की आभार?

अक्षरमित्र : आभार लिहा. धन्यवाद हिंदीतून आलाय, मराठीत आपण आभारच म्हणतो.

वसुधाताई : अक्षरमित्र, धन्यवाद संस्कृतातला शब्द आहे, तो दोन्ही भाषांत आहे. हिंदी ऐकून ऐकून आपल्याकडे त्याचा वापर वाढला असेल तर ती गोष्ट वेगळी. फरक आहे तो क्रियापदांचा, आभार ‘मानतात’ आणि धन्यवाद ‘देतात’, त्यामुळे ‘धन्यवाद मानतो’ कानाला खटकतं. पण मुग्धा, तुझी अडचण या दोन शब्दांची नाहीच. अडचण ‘साठी’मध्ये आहे आणि ‘आणलेल्या’मध्ये आहे.

‘साठी’ पुढे बघतं. जेवणासाठी थांबलो, औषधासाठी गेलो, म्हणजे ती गोष्ट अजून व्हायची आहे. झालेल्या गोष्टीला आपल्याकडे ‘बद्दल’ येतं, चोरीबद्दल शिक्षा, कामाबद्दल बक्षीस. हा बद्दल मुळात अरबी-फारसी ‘बदल’वरून आलेला, म्हणजे एकाच्या जागी दुसरं, मोबदला. बदली, बदला ही त्याचीच भावंडं. कुणी आपल्यासाठी काही केलं आणि त्याच्या बदल्यात आपण दोन शब्द देतोय हा अर्थ त्यात आधीच बसलेला आहे, म्हणून ‘जेवणाबद्दल आभार’ सहज वाटतं.

निशांत : हो पण ताई आता सगळेच ‘शुभेच्छांसाठी धन्यवाद’ लिहितात, ऑफिसच्या मेलमध्ये पण तेच असतं, मग ते चूक कसं म्हणायचं? इतके लोक वापरतात म्हणजे रुळलंच की.

वसुधाताई : रुळतंय, खरंय. मी चूक म्हणणार नाही. पण मुग्धाला जे ‘माझं वाटत नाही’ असं वाटलं त्याचं एक कारण हे आहे.

राजश्री : मुग्धा अगं सोपं आहे, ‘त्यात काय एवढं, शेजारी कशाला असतात’ असं लिही ना. मी तर कायम हेच लिहिते.

मुग्धा : राजश्री, ते काकूंनी म्हणायचं गं! आभार मी मानतेय.

राजश्री : अच्छा अच्छा, मला वाटलं त्यांनीच तुझे मानलेत. मग माझा अनुभव सांगते. माझ्या ऑपरेशनच्या वेळी समोरच्या वहिनींनी आमच्या मुलांचं सगळं बघितलं आणि मी नंतर त्यांना ‘आम्ही तुमचे उपकार कधीच विसरणार नाही’ असं लांबलचक लिहिलं तर त्यांचं उत्तर आलं ‘आभार मानून परकं करू नका’. मला इतकं वाईट वाटलं, मी तर मनापासून लिहिलं होतं.

वसुधाताई : राजश्री, वहिनींना तुमचा राग आला नव्हता, ते आपल्याकडे प्रेमानेच म्हणतात. पण त्यात एक खरी गोष्ट आहे. उपकार, ऋण, उतराई हे सगळे देण्याघेण्याचे शब्द आहेत, फेडायच्या गोष्टीचे. खूप मोठी गोष्ट असेल, कुणी जीव वाचवला असेल, तर ते शोभतात. रोजच्या उठण्याबसण्यातल्या माणसाला ते लिहिले की मध्ये हिशेबाची वही आल्यासारखी होते. काकूंनी विचारलंय ‘बाबा कसे आहेत’ आणि त्याचं उत्तर मुग्धाच्या मेसेजमध्ये कुठेच नाहीये! आधी ते हवं.

आता ‘आणलेल्या’बद्दल. ‘आपण आणलेल्या जेवणासाठी’ म्हटलं की काकू बाजूला पडतात आणि आभार जेवणाचे होतात. तेच वाक्य मोकळं करून बघ, ‘तुम्ही जेवण आणून दिलंत’. यात काकू आल्या, त्यांचं करणं आलं, आणि ‘आणून दिलंत’मधल्या ‘दिलंत’मुळे ते आमच्यासाठी होतं हेही आलं. नुसतं ‘आणलंत’ असतं तर तेवढं आलं नसतं. ‘पाठवलंत’ तर नकोच, त्या स्वतः यायच्या ना. मग त्यापुढे तुझं काय झालं ते एका वाक्यात, ‘मला केवढा आधार झाला’. मदत झाली नको, मदत कामाला होते, आधार माणसाला होतो.

निशांत : ‘दिलंत’ का ‘दिलेत’? मी नेहमी गोंधळतो.

वसुधाताई : जेवण म्हणून दिलंत. डबा दिलात, पिशवी दिलीत, डबे दिलेत. जे दिलं त्याप्रमाणे बदलतं आणि शेवटचा त ‘तुम्ही’चा. पुस्तकी लिहिताना जेवणालाही ‘दिलेत’ लिहितात, पण बोलल्यासारखं लिहायचं तर दिलंत. आणि ‘घेऊन आलात’ म्हटलंस तर ते काकूंप्रमाणे चालतं, मग जेवण असो की डबे, ‘आलात’च राहतं.

अक्षरमित्र : आमच्या घरी मोठ्यांशी बोलताना सुद्धा ‘तुम्ही जेवण दिलं’ असंच म्हणतात, शेवटचा त कोणी लावत नाही आणि त्यात कुणाला अपमान वाटत नाही.

वसुधाताई : बरोबर, बऱ्याच घरांत तसंच बोलतात. मुग्धाने काकूंशी बोलताना जे तोंडात येतं तेच लिहावं. फक्त ‘आपण’ आणि ‘आदरणीय’ काढ, ज्यांना तू रोज काकू म्हणतेस त्यांना एकदम सत्काराच्या पत्रासारखं नको.

मुग्धा : मी तुम्हीच म्हणते त्यांना. आणि ‘आजारात’ की ‘आजारपणात’? ते पण अडतंय.

वसुधाताई : आजारपणात. आजार म्हणजे रोग, आजारपण म्हणजे तो सगळा काळ, घरातल्यांची धावपळ धरून. जेवण त्या काळात आलं.

मुग्धा : मग हे बघा : ‘काकू, बाबांना आता उतार आहे, काल थोडा वेळ बसले होते. त्यांच्या आजारपणात तुम्ही रोज जेवण आणून दिलंत, मला केवढा आधार झाला. जेवणाची काळजी नव्हती म्हणून मी त्यांच्याजवळ थांबू शकले. मनापासून आभार.’

वसुधाताई : छान झालं. ‘त्यांच्याजवळ थांबू शकले’ हे सगळ्यात चांगलं आहे, कारण काकूंना नेमकं कळतं त्यांच्या येण्याने काय झालं. मला विचारशील तर शेवटचे ‘मनापासून आभार’ काढले तरी चालतील, ते आधीच्या वाक्यात येऊन गेलेत.

राजश्री : अजिबात काढू नकोस! स्पष्ट शब्द हवाच, नाहीतर काहींना वाटतं की मानलेच नाहीत. माझ्या सासूबाई अशाच आहेत, आभार हा शब्द कानावर पडला पाहिजे.

निशांत : मी राजश्रीताईंशी सहमत, एकदा तरी हवा, फक्त ‘मनःपूर्वक’ नको, ते कार्डावर छापतात.

वसुधाताई : माझं मत आहे तेच आहे, पण काकूंना मुग्धाच ओळखते.

मुग्धा : ठेवलाय, आणि पाठवला पण! ‘जेवणाची काळजी नव्हती’मध्ये ‘मला’ टाकायचं राहिलं, पण आता असू दे.