मदत हवी आहे: स्वप्नात हे येऊन सांगतात, ते किती धरायचं?

माझे यजमान गेल्या वर्षी गेले. वारस नोंद होऊन सातबाऱ्यावर माझं, दोन्ही मुलांचं आणि सासूबाईंचं नाव लागलं. आता दीर म्हणतात, हक्कसोड पत्रावर सही कर. मी नुसतं "बघते" म्हटलं.

त्यानंतर हे स्वप्नात आले. ओट्यावर बसलेले, तळहातावर तंबाखू मळत, अगदी रोजच्यासारखे. म्हणाले, "देऊन टाक गं, भावाशी वाद नको." जाग आली तेव्हा उशी भिजली होती, पण कितीतरी महिन्यांनी छाती मोकळी वाटली. त्यांचा आवाज मला आठवेनासा झाला होता, तो परत ऐकला. पुढच्या आठवड्यात पुन्हा आले आणि म्हणाले, "वाचल्याशिवाय सही करू नकोस." हेही त्यांचंच वाक्य, बँकेच्या कागदांवर नेहमी म्हणायचे. मग यातलं खरं कुठलं?

वकिलांनी सांगितलं की हक्कसोड नोंदणीकृत झालं की मागे घेणं फार अवघड, आणि धाकटी अज्ञान असल्याने तिचा हिस्सा कोर्टाच्या परवानगीशिवाय मी सोडू शकत नाही. हे डोक्याला पटतं. तरी सही नाही केली तर त्यांचा शब्द मोडल्यासारखं वाटतं. आई म्हणते, पितृपक्षात घास नीट ठेव, इच्छा राहिली असेल. घास मी ठेवेनच.

ज्या ताईंना असं झालंय त्यांनी सांगा: स्वप्नात ते बोलतात की आपल्याच मनातली भीती, हे तुम्ही कसं ओळखलंत? आणि दिरांना दुखावल्याशिवाय थांबायला कसं सांगू?